चुंबकी चार्जिंग केबल

लोहचुंबकाच्या जोरावर चिकटणारी आणि हिसका बसताच सुटणारी चार्जिंगची केबल. पाय अडकला तरी यंत्र खाली पडू नये, ही मूळ कल्पना जपानमधल्या विजेच्या गरम पाण्याच्या भांड्यांत आधीपासून होती. अॅपलने 2006 मध्ये मॅकबुक प्रोला मॅगसेफ जोड दिला, 2015 पासून नव्या लॅपटॉपांतून तो काढायला सुरुवात केली आणि 2021 मध्ये परत आणला.

बाजारात सर्रास मिळते ती केबल वेगळी. तिचं छोटं टोक फोनच्या खाचेत कायमचं बसवून ठेवतात आणि केबल त्याला बाहेरून चिकटते. टोकं बदलली की एकाच केबलवर वेगवेगळे फोन चार्ज होतात. खाच झिजत नाही, तिच्यात धूळही कमी जाते. अंधारात एका हाताने केबल लागते, हे सुख मात्र वापरल्याशिवाय कळत नाही.

अडचण जोडात आहे. स्प्रिंगवरच्या पिना समोरच्या पट्टीला जेमतेम एका बिंदूवर टेकतात आणि तिथे विजेला अडथळा होतो. हा अडथळा 0.1 ओहम धरला, तर 1 अँपिअरला तिथे 0.1 वॅट उष्णता निघते, पण 3 अँपिअरला 0.9 वॅट, म्हणजे नऊपट. हरभऱ्याएवढ्या जागेत एवढी उष्णता पुष्कळ झाली. म्हणून साध्या केबली 10 ते 15 वॅटवरच थांबतात. शिवाय जलद चार्जिंगसाठी फोन आणि चार्जर यांच्यात आधी बोलणी व्हावी लागतात. त्यासाठीची पिनच टोकात नसेल, तर चार्जर 65 वॅटचा असूनही फोन रांगतच चार्ज होतो.

खरा धोका स्वस्त नकलांचा. टाइप-सी चार्जर समोर उपकरण आहे हे कळेपर्यंत वीज सोडत नाही. नकली केबलीत ती खूण करणारा रोधकच केबलीत बसवून टाकलेला असतो, त्यामुळे चार्जरला फोन सदैव लागलेला वाटतो आणि उघड्या पिनांवर 5 व्होल्ट कायम खेळत राहतात. त्यात टोक चुंबकाचं. टाचणी, किल्ली, लोखंडाचा कीस नेमका तिथेच ओढला जातो आणि शॉर्ट होतो. लॅपटॉपच्या 20 व्होल्टच्या केबलीत तर टोक तिरकं सरकलं की 20 व्होल्टची पिन शेजारच्या, कमी व्होल्टच्या पिनेला लागू शकते आणि आतली चिप जळते. टाइप-सीच्या मानकात अशा सुट्या चुंबकी टोकाला जागाच नाही, म्हणून खोक्यावरच्या ‘100 वॅट’ला फारसा अर्थ नाही.

पारख घरीही होते. केबल चार्जरला लावून मोकळं टोक मल्टिमीटरने तपासावं. फोन नसताना 5 व्होल्ट दिसले, तर ती केबल उघडी टाकू नये. पिना तपकिरी पडणं, टोक बोटाला चटका देण्याइतकं तापणं, चार्जिंग सारखं चालू-बंद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर केबल आणि टोक दोन्ही बाद समजावीत.