पी कोट की चेस्टरफील्ड? आधी खिसे बघा

कोट ओळखताना नजर आधी लांबीवर जाते आणि तिथेच फसगत होते. पी कोट कमरेच्या थोडा खाली संपतो, डफल मांडीपर्यंत येतो, ट्रेंच आणि चेस्टरफील्ड गुडघ्याच्या आसपास. हे खरं असलं तरी हल्ली आखूड ट्रेंचही शिवतात आणि लांब पी कोटही, त्यामुळे लांबी शेवटी बघावी.

डफल आणि ट्रेंच एका नजरेत कळतात. डफलला टोपडं असतं, आणि समोर बटणांऐवजी लाकडाच्या किंवा शिंगाच्या लांबट खुंट्या दोरीच्या वा चामड्याच्या फासात अडकवलेल्या असतात. हातमोजे न काढता कोट उघडता यावा, ही त्यातली सोय. ब्रिटिश नौदलाने तो वापरला तो उगाच नाही. ट्रेंच मात्र लोकरीचा नाही, मूळचा घट्ट विणीच्या सुती गॅबर्डिनचा. त्याला कमरेला बक्कलचा पट्टा, खांद्यांवर पट्ट्या, मनगटाशी आवळायचे पट्टे आणि छातीवर पाणी निथळून जावं म्हणून एक सुटा पदर असतो. पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांचा हा कोट, तेव्हा एवढा सरंजाम असणारच.

खरा घोळ उरलेल्या दोघांत. समजा समोर गडद निळ्या लोकरीचा, दोन ओळी बटणांचा, गुडघ्यापर्यंतचा कोट टांगलाय आणि चिठ्ठीवर 'चेस्टरफील्ड' लिहिलंय. मखमली कॉलर असती तर प्रश्नच मिटला असता, पण प्रत्येक चेस्टरफील्डला ती नसते. अशा वेळी मी खिसे बघतो. पी कोटचे खिसे उभे चिरलेले असतात, गार हात सरळ आत सरकवण्यासाठी. चेस्टरफील्डचे बहुधा आडवे, वर झाकण असलेले, सूटच्या जाकिटासारखे. मग कॉलर उभी करून बघावी. पी कोटची रुंद कॉलर हनुवटीपर्यंत बंद होते आणि वारा अडवते. चेस्टरफील्डची तशी बंद होत नाही, कारण गळ्याशी शर्ट आणि टाय दिसावा हाच तिचा हेतू. एकेरी चेस्टरफील्डमध्ये तर बटणं अनेकदा कापडी पट्टीखाली लपवलेली असतात. पी कोटवर मात्र ती मोठी आणि ठळक, कधी नांगर कोरलेली.

आपल्या कोटाचे खिसे उभे निघाले आणि कॉलर हनुवटीपर्यंत बंद झाली, तर चिठ्ठी चुकलीय. हा पी कोटचाच लांब भाऊ, ज्याला ब्रिज कोट म्हणतात. जहाजावरचे अधिकारी घालायचे तो. सूटवर तो चालून जातो, पण चेस्टरफील्डची मऊ, सरळ पडणारी घडण त्यात शोधू नये. त्याचं कापड जाड, अंग भरीव, आणि खांदे जरा ताठच बसतात.