यील्ड १५ टक्के, दोघांचाही

दोन जणांनी प्रत्येकी ४०० बेट्स लावल्या, दर वेळी सारखाच स्टेक. पहिल्याचे ऑड्स २.०, म्हणजे जिंकल्यास स्टेकच्या दुप्पट परत; तो २३० वेळा जिंकला. दुसऱ्याचे ऑड्स १०.०, तो ४६ वेळा जिंकला. हिशेब केला तर दोघांचाही यील्ड, म्हणजे लावलेल्या एकूण पैशांवरचा नफा, बरोबर १५ टक्के येतो, आणि म्हणूनच दोघे सारखेच तरबेज वाटतात. तसे ते नाहीत.

ऑड्स रास्त असतील, म्हणजे त्यात बुकमेकरचा वाटा नसेल, तर एका बेटच्या परताव्याचं प्रमाण विचलन काढायला ऑड्समधून १ वजा करून वर्गमूळ घ्यायचं. २.० ला ते १ येतं, १०.० ला ३. यील्ड निव्वळ नशिबाने साधारण किती हलतो, ती त्याची स्टँडर्ड एरर: हा आकडा भागिले बेट्सच्या संख्येचं वर्गमूळ. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणून पहिल्याची एरर ५ टक्के आणि दुसऱ्याची १५.

म्हणजे पहिला शून्यापासून तीन एरर पुढे आहे. निव्वळ नशिबाने इथवर पोचणारा सहाशे-सातशे जणांत एखादा. दुसरा जेमतेम एक एरर पुढे आहे, आणि तिथे पाच-सहा जणांत एक तरी आपसूक पोचतो. रास्त ऑड्सवर त्याला ४० विजय मिळायलाच हवे होते. सगळा नफा वरच्या सहा बेट्सचा. एकेका विजयावर त्याचा यील्ड अडीच टक्क्यांनी हलतो. ४०० हा आकडा भरभक्कम वाटतो, पण माहिती खरं तर त्या ४६ विजयांतच आहे.

इथे एक प्रामाणिक उपप्रश्न उरतो. ऑड्स रास्त नसतात, त्यात बुकमेकरचं मार्जिन असतं, आणि लांबच्या ऑड्सवर ते बहुधा जास्तच जाचतं. समजा डोळे मिटून लावणाऱ्याचा यील्ड तिथे उणे १० टक्के आहे. मग अपेक्षित विजय ३६, आणि ४६ हे जवळपास पावणेदोन एरर वर. ‘हा आंधळेपणाने खेळत नाही’ याला थोडा आधार मिळाला. ‘हा नफ्यात राहील’ याला नाही. हे दोन दावे सर्रास एकमेकांत मिसळले जातात. शिवाय तो पावणेदोनचा आकडाही तुम्ही त्याला आधीच निवडून मग मोजलं असेल तरच खरा. शंभर जणांतला सर्वांत चमकणारा उचलला असेल, तर एवढं यश कुणाला तरी मिळणारच होतं.

खरा फायदा ५ टक्के असेल आणि तो दोन एररइतका ठळक दिसायला हवा असेल, तर २.० ला सुमारे १,६०० बेट्स लागतात, १०.० ला १४,००० च्या वर. तितकी वर्षं थांबण्यापेक्षा मी त्याचे ऑड्स सामना सुरू होताना कुठे होते ते बघेन. १०.० ला घेतलेली बेट वारंवार ९.० वर बंद होत असेल, तर ती खूण निकालांच्या गोंधळात हरवत नाही आणि काहीशे बेट्समध्येही वाचता येते. मात्र त्या बाजारात पुरेसे पैसे फिरत असायला हवेत. नाहीतर त्याच्याच बेटने ऑड्स खाली आलेले असू शकतात.