तेरीज जुळवणे: रोजकीर्द, खतावणी आणि तेरीजपत्रकाचे उदाहरण सोडवण्याची पद्धत

अकरावी वाणिज्य आणि बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या लेखाकर्मातील सरावाचे एक नेहमीचे उदाहरण. महिनाभराचे आठ-दहा व्यवहार दिलेले असतात. त्यांच्या रोजकीर्दीत नोंदी करायच्या, त्या खतावायच्या, खात्यांच्या बाक्या काढायच्या आणि शेवटी तेरीज मांडायची, असा त्याचा क्रम असतो. द्विनोंदी पद्धतीचे छापील वर्णन लुका पाचोली याने 1494 साली व्हेनिसमध्ये केले. मराठी शब्द मात्र आपल्याकडच्या दफ्तरांतले आहेत. पेशवे दफ्तरात रोजकीर्द, तेरीज, ताळेबंद हे कागद सापडतात आणि तिथे तेरीज म्हणजे हिशेबाचा गोषवारा. आजच्या तेरीजपत्रकाचे कामही तेच आहे: प्रत्येक खात्याची एक ओळ.

पुढील उदाहरण एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाचे असून वस्तू व सेवा कर त्यात धरलेला नाही. 1 एप्रिलला मालकाने 50,000 रुपये रोख आणि 10,000 रुपयांचे फर्निचर आणून धंदा सुरू केला. 3 तारखेला सुरेशकडून 20,000 रुपयांचा माल 10 टक्के व्यापारी सुटीने उधार घेतला. 6 तारखेला 12,000 रुपयांची रोख विक्री झाली, तर 10 तारखेला मीनाला 8,000 रुपयांचा माल उधार विकला. 14 तारखेला सुरेशला 17,500 रुपये देऊन त्याचा हिशेब पूर्ण मिटवला. 20 तारखेला मालकाने 1,000 रुपयांचा माल घरी नेला. 28 तारखेला 3,000 रुपये दुकानभाडे दिले आणि 30 तारखेला मीनाकडून 5,000 रुपये आले.

रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहाराला दोनच प्रश्न विचारायचे: कोणती खाती हलली, आणि ती कोणत्या जातीची आहेत? व्यक्तिगत खाते असेल तर घेणारा नावे, देणारा जमा. वास्तव खाते असेल तर येते ते नावे, जाते ते जमा. नामधारी खात्यात खर्च व तोटे नावे, उत्पन्न व नफा जमा. यांतल्या बहुतेक नोंदी सरळ आहेत. अडवणाऱ्या तीन तारखा 3, 14 आणि 20.

3 तारखेला व्यापारी सूट बिलातच वजा होते, म्हणून तिचे खाते उघडत नाही. खरेदी खाते 18,000 ने नावे आणि सुरेशचे खाते 18,000 ने जमा. 14 तारखेची सूट वेगळी: ती पैसे देताना मिळाली, म्हणून तिची नोंद होते. सुरेशचे खाते 18,000 ने नावे, रोख खाते 17,500 ने जमा आणि मिळालेली सूट खाते 500 ने जमा, अशी ही संयुक्त नोंद आहे. 20 तारखेला पुष्कळ जण विक्री खाते जमा करतात. पण मालकाला माल विकलेला नाही, त्याने खरेदी किमतीला नेला आहे. म्हणून उचल खाते नावे आणि खरेदी खाते जमा. प्रत्येक नोंदीखाली '…बद्दल' असे संपणारे एका ओळीचे स्पष्टीकरण लिहावे. त्यालाही गुण असतात.

आठही नोंदींच्या नावे रकान्याची बेरीज 1,25,000 येते, जमेचीही तितकीच. ही संख्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, पुढे लागते.

खतावणीत नियम बदलत नाहीत, फक्त जागा बदलते. रोजकीर्दीत जे खाते नावे आहे त्याच्या नावे बाजूस रक्कम जाते आणि तपशिलात समोरच्या खात्याचे नाव येते. खरी फसगत संयुक्त नोंदीत होते. 14 तारखेच्या नोंदीत रोख खात्याच्या जमा बाजूस 'सुरेश' लिहून समोर 18,000 मांडले जातात, कारण डोळा सुरेशच्या ओळीवर असतो. तिथे 17,500 च हवेत. सुरेशच्या खात्यात मात्र नावे बाजूस दोन ओळी येतील: रोख 17,500 आणि मिळालेली सूट 500. खतावताना रोजकीर्दीतला पान क्रमांकाचा रकाना लगेच भरावा. जिथे तो रिकामा राहिला, ती ओळ खतवायची राहिली आहे.

आता बाक्या. रोख खात्याची नावे बाजू 67,000, जमा बाजू 20,500, म्हणजे 46,500 नावे बाकी. ती लहान बाजूला 'शिल्लक पुढे नेली' म्हणून लिहितात आणि बेरजेखाली मूळ बाजूला खाली आणतात. सुरेशच्या दोन्ही बाजू 18,000, त्यामुळे बाकी काहीच नाही आणि तेरजेत त्याची ओळ येत नाही.

| खाते | नावे बाकी (रु.) | जमा बाकी (रु.) |
|---|---|---|
| रोख | 46,500 | |
| फर्निचर | 10,000 | |
| भांडवल | | 60,000 |
| खरेदी | 17,000 | |
| विक्री | | 20,000 |
| मीना | 3,000 | |
| मिळालेली सूट | | 500 |
| उचल | 1,000 | |
| दुकानभाडे | 3,000 | |
| एकूण | 80,500 | 80,500 |

ही निव्वळ तेरीज झाली. बाक्यांऐवजी खात्यांच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा मांडल्या तर ढोबळ तेरीज होते आणि तिची बेरीज 1,25,000 यायला हवी, म्हणजे रोजकीर्दीइतकीच. ती तशी आली तर खतावणीत रकमा गळल्या नाहीत असे समजायला हरकत नाही, आणि चूक बाकी काढण्यात शोधावी.

तेरीज जुळली नाही तर सगळे पुन्हा करण्याआधी फरकाकडे पाहावे. मिळालेली सूट चुकून नावे रकान्यात गेली तर बेरजा 81,000 आणि 80,000 होतात. फरक 1,000, त्याचा निम्मा 500, आणि 500 ची रक्कम तेरजेत एकच आहे. बाजू चुकली की फरक नेहमी त्या रकमेच्या दुप्पट असतो. रोख बाकी 46,500 ऐवजी 45,600 लिहिली तर फरक 900 येतो. फरकाला 9 ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल किंवा शून्य कमी-जास्त झाल्याचा संशय घ्यावा. वरच्या 18,000 च्या चुकीने फरक बरोबर 500 येतो, आणि तितक्याच रकमेची नोंद शोधताना 14 तारीख हाती लागते. धंद्यात फरक सापडेपर्यंत तो निलंबन खात्यात टाकतात. सरावाच्या उदाहरणात प्रश्नात सांगितल्याशिवाय हे खाते उघडणे म्हणजे चूक झाकणे.

जुळलेल्या तेरजेवर मात्र पुरता विश्वास ठेवता येत नाही. नोंदच सुटली, किंवा दोन्ही बाजूंना सारखीच चुकीची रक्कम गेली, तर तेरीज बिनतक्रार जुळते. समजा, कोणी व्यापारी सूट वजा न करता खरेदी 20,000 नोंदवली आणि 14 तारखेला 17,500 रोख व 2,500 सूट धरली. सुरेशचे खाते शून्यावर येते, खरेदी 19,000 राहते आणि तेरीज 82,500 वर जुळते. निव्वळ नफाही बदलत नाही, कारण वाढलेली खरेदी वाढलेल्या सुटीने भरून निघते. फक्त ढोबळ नफा 2,000 ने कमी दिसतो. ही चूक कोणत्याही बेरजेत दिसत नाही. प्रश्नातली 3 तारखेची ओळ पुन्हा वाचली तरच 'व्यापारी सूट' हे शब्द दिसतात.