पावाच्या कापांची छायाचित्र-तुलना

वेगवेगळ्या वेळी भाजलेल्या पावांचे काप सारख्याच पद्धतीने टिपायचे, ती छायाचित्रे शेजारी ठेवायची आणि पावाची जाळी, कवचाचा रंग व भाजणीची पूर्णता पारखायची, अशी ही पद्धत आहे. पाव खाऊन संपतो आणि आठवण फसवी असते. दोन आठवड्यांपूर्वीचा पाव ‘जास्त जाळीदार’ होता, असे ठामपणे वाटते. छायाचित्र काढून पाहिले की तो तसा नव्हता, असे दिसते. मात्र या तीन गोष्टी छायाचित्रात सारख्याच विश्वासाने वाचता येत नाहीत. जाळी बरीच खात्रीने वाचता येते, कवचाच्या रंगासाठी काळजी घ्यावी लागते आणि पाव आतून भाजला की नाही, हे एकट्या छायाचित्रावरून ठरवता येत नाही.

तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. खमिराच्या पावाचे एक उदाहरण घेऊ. ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम खमीर (निम्मे पीठ, निम्मे पाणी) आणि १० ग्रॅम मीठ असे ९६० ग्रॅमचे तीन गोळे केले. पिठाचे तापमान २५ अंश सेल्सिअस ठेवले. पहिला गोळा साडेतीन तास आंबवला, दुसरा साडेपाच तास आणि तिसरा साडेआठ तास. पुढची घडण, थंड जागेतला विसावा आणि भाजणी तिघांची एकच: झाकणाच्या भांड्यात २० मिनिटे, मग झाकण काढून २२ मिनिटे.

पहिल्या पावाच्या कापात दोन-तीन मोठी भगदाडे दिसतात आणि त्यांच्याभोवती जाळी घट्ट, जवळजवळ रबरी असते. नवख्याला ही भगदाडे यशाची खूण वाटतात, पण पाव कमी आंबल्याची ती ठळक निशाणी आहे. पुरेसा वायू सगळीकडे पसरलेला नसल्यामुळे भट्टीतल्या उष्णतेने मोजक्या बुडबुड्यांतच तो फुगतो आणि बाकीचा गोळा दबून राहतो. दुसऱ्या पावात छिद्रे लहानमोठी आहेत, पण वरपासून तळापर्यंत पसरलेली आहेत आणि मधल्या भिंती पातळ आहेत. तिसऱ्या पावाचा काप बुटका आणि रुंद आहे. छिद्रे बारीक व एकसारखी आहेत, वरचा कडेचा भाग उभारी न धरता पसरला आहे. फार आंबल्याने ग्लुटेनचे जाळे सैल पडते आणि वायू धरून ठेवता येत नाही. म्हणून जाळी वाचताना सर्वांत मोठ्या छिद्राकडे पाहू नये. दोन छिद्रांमधली जागा कशी आहे, हे पाहावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. वरच्या कवचाखाली एकच मोठी पोकळी असेल आणि बाकीची जाळी छान एकसारखी असेल, तर दोष आंबवणीचा नसून बहुधा घडणीचा असतो. गोळा गुंडाळताना हवा अडकलेली असते. पोकळीभोवतीची जाळी घट्ट असेल, तरच आंबवणीकडे बोट दाखवावे.

ही तुलना खरी ठरायची तर काप एकाच जागेचा हवा. लांबट पावाच्या टोकाजवळची जाळी मधल्यापेक्षा दाट असते, म्हणून पाव बरोबर मध्यावर कापावा. एका कापावर भरवसा ठेवू नये. एका सेंटिमीटरवरचा पुढचा काप वेगळा दिसू शकतो, तेव्हा दोन-तीन काप टिपावेत. दातेरी सुरीने दीड सेंटिमीटर जाडीचे काप काढावेत आणि मोजपट्टी छायाचित्राच्या चौकटीतच ठेवावी, म्हणजे दोन छायाचित्रांतली छिद्रे एकाच मापाने मोजता येतील. प्रकाश एका बाजूने आणि नेहमी त्याच कोनातून यावा. तिरप्या प्रकाशात छिद्रांच्या सावल्या खोल पडतात आणि जाळी मोकळी भासते. समोरून फ्लॅश मारला, तर तोच पाव सपाट दिसतो. माझ्या मते जाळीबद्दलचे बरेचसे वाद पावामुळे नसतात, प्रकाशामुळे असतात.

रंगाच्या बाबतीत फोनचा कॅमेरा अधिक ढवळाढवळ करतो. गडद पावाने चौकट भरली, की कॅमेरा उजेड वाढवतो आणि खमंग तपकिरी रंग फिका पडतो. पिवळ्या दिव्याखाली तो रंगातला पिवळेपणा काढून टाकू पाहतो. तेव्हा दिवसा टिपलेला आणि रात्री टिपलेला एकच पाव दोन वेगळ्या पावांसारखा दिसतो. उपाय सोपा आहे. पांढरा किंवा राखाडी कागदाचा तुकडा प्रत्येक चौकटीत ठेवावा आणि उजेडाची पातळी कॅमेऱ्यात पक्की करावी. छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर आधी कागद पाहावा. एकात तो पिवळसर व दुसऱ्यात निळसर दिसला, तर कवचाच्या रंगाची तुलना तिथेच थांबवावी आणि आधी दोन्हींतला कागद एकसारखा करून घ्यावा.

कवचाचा रंग काय सांगतो, हे वरच्या तीन पावांतही दिसते. तिघांची भाजणी एकच असूनही तिसरा पाव सर्वांत फिका आहे. दीर्घ आंबवणीत पिठातली बरीचशी साखर खमिराने खाल्लेली असते, त्यामुळे भट्टीत कवच तपकिरी होण्यास कच्चा माल कमी उरतो. वाढलेला आंबटपणाही ही क्रिया मंदावतो. असे फिके कवच पाहून कोणी पुढच्या वेळी भाजणी दहा मिनिटांनी वाढवली, तर पाव कोरडा होईल आणि मूळ दोष तसाच राहील. फिकटपणाचे कारण शोधताना म्हणूनच जाळीही पाहावी.

राहिली भाजणीची पूर्णता. तळाशी काचेसारखी चकाकणारी, दाट, गडद पट्टी दिसली, की पाव कच्चा असल्याचे मानले जाते. ते बरोबर असू शकते. पण कमी आंबलेल्या पावातही अशी पट्टी येते, आणि पाव गरम असताना कापला तरी सुरीने गाभा चोळला जाऊन चिकट दिसतो. शिवाय पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या, नीट भाजलेल्या पावाच्या छिद्रांच्या भिंतीही चकाकतात. छायाचित्र या चारांतला फरक सांगत नाही. म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली दोन आकडे लिहून ठेवावेत: भट्टीतून काढताना गाभ्याचे तापमान आणि पावाचे वजन. साध्या पावाचा गाभा साधारण ९६ ते ९९ अंशांपर्यंत पोहोचायला हवा. दूध, लोणी, अंडी असलेल्या पावाला त्याहून कमी चालते. उदाहरणातला दुसरा गोळा ९६० ग्रॅमवरून ८२० ग्रॅमवर आला, म्हणजे १४० ग्रॅम, जवळजवळ १५ टक्के पाणी निघून गेले. वजन नुसते ९०० ग्रॅमपर्यंतच उतरले असते आणि गाभा ९० अंशांवर असता, तर चकाकणारी पट्टी कच्चेपणाचीच आहे, असे म्हणता आले असते. आकडे ठीक असून पट्टी दिसत असेल, तर आंबवणीची वेळ आणि कापण्यापूर्वी पाव किती निवला, हे तपासावे. अशा आकाराच्या पावाला किमान दोन तास लागतात.

बेकरी उद्योगात हेच काम यंत्रावर करतात: ठरावीक प्रकाशाच्या बंद पेटीत कापाची प्रतिमा घेऊन छिद्रांची संख्या, आकार आणि भिंतींची जाडी संगणकाने मोजली जाते. पेटीमुळे प्रकाश बदलत नाही, हा तिचा मोठा फायदा. घरी त्याची जागा तीच खिडकी, दिवसाची तीच वेळ आणि तोच कागदाचा तुकडा भरून काढू शकतात. राई या गव्हासारख्या धान्याच्या पिठाच्या पावाला मात्र हे निकष लावू नयेत. त्याचा गाभा दाट असणे हेच त्याचे रूप आहे. त्यात मोकळी जाळी शोधणारा योग्य पावालाही नापास करेल. राईचा पाव त्याच पिठाच्या आधीच्या पावाशीच ताडून पाहावा, आणि तोही एक दिवस ठेवून मग कापलेला.