संग्रहणी : उष्णकटिबंधीय स्प्रू आणि सिलिॲक रोग

महिनोन्महिने पातळ, तेलकट, दुर्गंधी येणारी आणि पाणी ओतूनही सहज न वाहून जाणारी शौच, उतरत चाललेले वजन, लालबुंद दुखरी जीभ आणि फिकी पडलेली त्वचा या लक्षणसमूहाला मराठीत संग्रहणी म्हणत आले आहेत. हे एका आजाराचे नाव नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे रसांकुर असतात. ते खुजे किंवा सपाट झाले की अन्न पचले तरी शोषले जात नाही, आणि मग हे चित्र दिसते. ते कशाने खुजे झाले हे मात्र रुग्णाकडे बघून कळत नाही. भारतात त्यामागे बहुधा दोनपैकी एक रोग उभा असतो. एक, उष्णकटिबंधीय स्प्रू, जो काही महिन्यांच्या औषधांनी बरा होऊ शकतो. दुसरा, सिलिॲक रोग, ज्यात गहू जन्मभर सोडावा लागतो.

सिलिॲक रोगात दोष गव्हातील ग्लूटेन या प्रथिनाचा, आणि जव व राय या धान्यांतील त्याच्या भाईबंदांचा. जनुकांची विशिष्ट ठेवण असलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती ग्लूटेनवर चवताळते आणि स्वतःच्याच आतड्यावर घाव घालते. हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दाखवून दिला. उष्णकटिबंधीय स्प्रूचे कारण इतके नेमके सापडलेले नाही. बऱ्याचदा तो एखाद्या तीव्र जुलाबानंतर सुरू होतो. लहान आतड्यात नको ते जीवाणू ठाण मांडतात आणि प्रतिजैविकाने रोग हटतो, म्हणून मूळ संसर्गातच असावे असे मानतात. दक्षिण आशिया, आग्नेय आशिया आणि कॅरिबियन बेटे हे त्याचे घर. तमिळनाडूतील खेड्यांत त्याच्या साथी आल्या होत्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील सेल्विन बेकर आणि व्ही. आय. माथन यांनी 1960 च्या दशकात त्यांचा बारकाईने अभ्यास केला. स्वच्छ पाणी आणि सहज मिळणारी प्रतिजैविके यांमुळे आता तो पूर्वीइतका दिसत नाही, पण नाहीसा झालेला नाही.

दोहोंतला भेद ओळखण्याचा पहिला धागा लोह आणि जीवनसत्त्वांतच असतो. लोह आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते, फोलिक ॲसिड त्याच्या जरा पुढे, आणि बी-12 शेवटच्या टोकाला. सिलिॲकचा मारा सुरुवातीच्या भागावर सर्वाधिक असतो, म्हणून लोह आधी घटते आणि रक्तपेशी लहान होतात. स्प्रू आतड्याच्या टोकापर्यंत पसरतो, त्यामुळे फोलिक ॲसिडबरोबर बी-12 ही घसरते आणि रक्तपेशी मोठ्या, बेढब होतात. यकृतात बी-12 चा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे ते लगेच घसरत नाही. शिवाय शाकाहारी माणसात तो एरवीही कमी असतो. म्हणून हा धागा दिशा दाखवतो, निकाल देत नाही.

निकालाकडे नेणारी पहिली तपासणी रक्ताची : टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या शरीरातल्याच विकराविरुद्धची आयजीए प्रकारची प्रतिद्रव्ये, म्हणजे रिपोर्टवर दिसणारे tTG-IgA. सोबत एकूण आयजीए पाहावे लागते, कारण ते मुळातच कमी असेल तर तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. आकडा सामान्य मर्यादेच्या दहापट असेल तर सिलिॲकची खात्री जवळजवळ पटते. किंचित वाढलेला आकडा मात्र स्प्रूमध्येही दिसू शकतो. त्यावर विसंबून एखाद्याची पोळी जन्मभरासाठी बंद करणे हा अन्यायच.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. ही तपासणी रुग्ण गहू खात असेल तरच बोलते. ‘पोळीने त्रास होतो’ म्हणून कुणी दोन-तीन महिने गहू सोडून तपासणीला आला, तर प्रतिद्रव्ये उतरलेली असतात आणि रसांकुरही सावरू लागलेले असतात. पोळी सोडून बरे वाटले एवढ्याने सिलिॲक सिद्धही होत नाही, कारण गव्हातील काही शर्करांनी पोट फुगणारे पुष्कळ लोक असतात. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे रोज एक-दोन पोळ्या खायला लावून मग तपासणी करतात.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. सिंधुदुर्गातला 41 वर्षांचा मासेमार, रोजचे जेवण भात आणि मासे, पोळी सणासुदीला. पावसाळ्यात जुलाब लागले ते सात महिने थांबले नाहीत. वजन 62 किलोवरून 50 वर आले, हिमोग्लोबिन 8. रक्तपेशी मोठ्या, बी-12 आणि फोलिक ॲसिड दोन्ही कमी. मासे खाणाऱ्याचे बी-12 घसरले आहे, म्हणजे ते पोटात जाते पण शोषले जात नाही. शौचाच्या तपासणीत जिआर्डिया हा परजीवी सापडला नाही. tTG-IgA सामान्य आले, पण गहू क्वचितच खाणाऱ्याच्या बाबतीत त्याला फारसा अर्थ नाही. म्हणून सिलिॲकची जनुके पाहिली : डीक्यू-2 नाही, डीक्यू-8 ही नाही. दोन्ही नसताना सिलिॲक जवळजवळ बाद होतो. ती असती तर मात्र काहीच सिद्ध झाले नसते, कारण ती कितीतरी निरोगी माणसांतही असतात.

मग दुर्बिणीने आतड्याच्या सुरुवातीचे चार-सहा तुकडे घेतले. रसांकुर खुजे होते, पण पार सपाट नव्हते. खालून दुर्बीण घालून टोकाकडचे तुकडे घेतले, तर तिथेही तोच बदल. क्षयाचे व्रण किंवा गाठी नव्हत्या, आणि क्षय नाकारल्याशिवाय आपल्याकडे पुढे जाता येत नाही. रक्तदाबावरची ओल्मेसार्टन ही गोळीही हुबेहूब असेच आतडे करून ठेवते, म्हणून तीही विचारली. तो घेत नव्हता.

उपचारात क्रम महत्त्वाचा. बी-12 ची इंजेक्शने आधी, मग फोलिक ॲसिडची रोज 5 मिलिग्रॅमची गोळी. नुसते फोलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते, पण बी-12 अभावी मज्जारज्जूची झीज चालूच राहते आणि पाय बधिर होऊन चाल बिघडते. त्याबरोबर टेट्रासायक्लिन 250 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, तीन ते सहा महिने. दूध आणि लोहाच्या गोळ्या त्यापासून लांब ठेवायच्या, नाहीतर औषधच शोषले जात नाही. गर्भवती आणि लहान मुलांना हे औषध देत नाहीत. पहिल्या आठवड्यात नव्या रक्तपेशी वाढल्या, जीभ निवळली, भूक लागली. तीन महिन्यांनी वजन 57. निदान पक्के झाले ते तेव्हा. स्प्रूची स्वतःची अशी एकही रक्ततपासणी नाही. बाकीचे बाद होणे आणि औषधाने उतार पडणे हाच त्याचा पुरावा. त्याच प्रदेशात राहणाऱ्यांना तो पुन्हा होऊ शकतो.

सिलिॲकमध्ये या गोळ्यांचा उपयोग नाही. तिथे गहू, रवा, मैदा, शेवया, जव आणि सातूचे पीठ बंद, आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालू. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला हा पथ्याचा भाग उत्तरेच्या मानाने सोपा जातो. अडते ते छोट्या गोष्टींत. गव्हाच्याच जात्यातून दळून आणलेले ज्वारीचे पीठ, किंवा मैदा मिसळून बांधलेला हिंग. वर्षभर पथ्य पाळूनही tTG उतरत नसेल, तर दुर्बीण पुन्हा घालण्याआधी फोडणीचा डबा उघडून बघतात.