सात प्रॉपवर पेलेल, मग वीस का लावायचे?

मुंबईच्या उपनगरांत सध्या गल्लीगल्लीत पुनर्विकास चालू आहे. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी अशा इमारतीत डोकावलं, तर खोलीत पाऊल ठेवायला जागा नसते, इतके लोखंडी प्रॉप, म्हणजे स्लॅबला खालून दिलेले टेकू, दाटीवाटीने उभे असतात. त्यांची संख्या वजनावरून ठरत असेल असं कुणालाही वाटेल, पण हिशेब मांडला की उत्तर वेगळंच येतं.

एक खोली घेऊ. तुळईच्या आतल्या कडांमध्ये मोजली तर 3 मीटर रुंद, 4 मीटर लांब. स्लॅबची जाडी 125 मिलिमीटर. सळ्यांसकट ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे 2500 किलो, म्हणजे या जाडीला दर चौरस मीटरला 312 किलो. त्यात फळ्या-प्लायचे 50 आणि माणसं-अवजारांचे 150 धरले की भार 510 किलोच्या आसपास जातो. 12 चौरस मीटरला सहा टनांहून थोडा जास्त. एक प्रॉप त्या उंचीला सुरक्षितपणे एक टन घेतो असं धरलं, तर सात पुरतात.

आता काँक्रीट ज्यावर ओततात ते प्लाय. बाजारातली शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे 2.44 बाय 1.22 मीटर, क्षेत्रफळ 2.98 चौरस मीटर. 12 ला त्याने भागलं की उत्तर चारच्या किंचित वर येतं. चार मागवून उरलेली फट पट्टीने भागवू, असा मोह इथे होतो. पण शीट प्रत्यक्ष मांडून पाहा. लांबीत एक पूर्ण शीट आणि 1.56 मीटरचा तुकडा. रुंदीत दोन शीट आणि 56 सेंटिमीटरची पट्टी. दोन शीट अखंड बसतात, दोन कापाव्या लागतात आणि पाचवीतून दोन्ही पट्ट्या निघतात. म्हणून शीट पाच, साधारण 15 चौरस मीटर. तुळईच्या बाजू आणि तळ यांचं माप वेगळं. ते यात धरू नये.

शीट आठ फुटांच्या दिशेने अंथरायची, कारण बाहेरच्या थराच्या रेषा सहसा त्याच दिशेने धावतात आणि प्लाय त्या दिशेने जास्त ताठ असतं. प्लायखालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे बॅटन, त्यांना आडवे. 2.44 मीटरचे सहा भाग केले की बॅटनमधलं अंतर 407 मिलिमीटर येतं आणि शीटचा सांधा नेमका बॅटनवर पडतो. 12 मिलिमीटर प्लाय एवढ्या अंतरात साधारण एक मिलिमीटर वाकतं. अंतर 600 केलं तर पाचपट, कारण वाक अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. खालून छताला लाटा दिसल्या, तर प्लास्टर जाड करण्याआधी बॅटनचं अंतर आठवावं.

प्रॉपची संख्या याच नियमाने ठरते. बॅटनखाली लांबीच्या दिशेने त्यांना पेलणारे वासे, म्हणजे रनर, आणि रनरखाली प्रॉप. भिंतीपासून 30 सेंटिमीटर सोडून, दोन प्रॉपमध्ये एक मीटरपेक्षा जास्त अंतर नको असं धरलं, तर रुंदीत चार आणि लांबीत पाच बसतात. एकूण वीस. अंतर 80 ते 85 सेंटिमीटर आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 350 किलो. सात प्रॉप पसरले असते तर अंतर 1.3 मीटरवर गेलं असतं, आणि रनरचा वाक पाचपटीहून जास्त झाला असता.

मग उरलेली ताकद वाया गेली का? पंपाचा पाइप एका जागी थांबून काँक्रीटचा अर्धा मीटर ढीग झाला, तर तिथे चौरस मीटरला 1250 किलो पडतात. माणसं-प्लाय धरून एका प्रॉपवर जवळजवळ एक टन! सगळी शिल्लक तिथेच संपते. म्हणून पाइप सतत हलता ठेवायला सांगतात.

शिवाय तो एक टनही गृहीतच आहे. मजल्याची उंची 3 मीटर असेल, तर स्लॅब, प्लाय, बॅटन, रनर वजा जाता प्रॉप सुमारे 2.7 मीटरपर्यंत उघडतो. सडपातळ खांब चिरडत नाही, तो बाजूला वाकून जातो. लांबी दुप्पट झाली तर त्याची ही क्षमता चौथाईवर येते. ओळंब्यात नसलेला प्रॉप, पिनऐवजी खुपसलेला सळीचा तुकडा, किंवा भराव्याच्या मातीवर फळीशिवाय टेकवलेला पाया, यांतलं काहीही दिसलं तर हिशेबातला एक टन विसरायचा. भरण्याआधी प्रत्येक प्रॉप हाताने हलवून बघावा. जो हलतो तो भार घेत नाही, त्याचा वाटा शेजाऱ्यावर जातो.

काढताना स्लॅबचा स्पॅन, म्हणजे आधारांमधलं अंतर, 4.5 मीटरपर्यंत असेल तर प्रॉप, साधं पोर्टलँड सिमेंट वापरलं असेल तर, किमान सात दिवस ठेवावेत असं काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं. त्याहून मोठ्या स्पॅनला चौदा. वरच्या मजल्याचा स्लॅब याच स्लॅबवर टेकणार असेल तर त्याहून जास्त. तुळयांवर टेकलेल्या स्लॅबचे प्रॉप मध्यापासून कडेकडे सोडत जायचे, आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीचे मोकळ्या टोकाकडून आत.