काढायची रक्कम छोटी असते तेव्हा: फी जास्त पडली की किमान मर्यादा आडवी आली?

कुणाचं थोडंसं बिटकॉइन एक्स्चेंजवर किंवा वॉलेटमध्ये अडकलं की उत्तर ठरलेलं असतं: "नेटवर्कवर गर्दी आहे, रात्री करून बघ." आणि तो बिचारा चार रात्री जागतो. पाचव्या रात्रीही तोच नकार येतो, कारण त्याच्या अडचणीचा गर्दीशी काही संबंधच नसतो. फी रकमेपेक्षा जास्त असणं आणि रक्कम किमान मर्यादेखाली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे उपायही वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की वेळ जातो, क्वचित पैसाही जातो.

किमान मर्यादा समजायला सोपी आहे. एटीएम पन्नास रुपये देत नाही, तसंच. एक्स्चेंजने ठरवलेलं असतं की अमुक सातोशींखाली (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी) काढता येणार नाही. तो आकडा त्यांच्या नियमावलीतला असतो, बिटकॉइनच्या ब्लॉकचेन साखळीवरचा नसतो. म्हणून पहाटे तीन वाजता केलं काय आणि भर दुपारी केलं काय, तो तेवढाच राहतो. एक्स्चेंज तो बदलेल तेव्हाच बदलेल. उपाय दोनच: शिल्लक मर्यादेपर्यंत वाढवा, किंवा तिथेच विकून रुपये घ्या.

फक्त आकड्यात एक गोम असते. धरा, मर्यादा 10,000 सातोशींची, फी 3,000 आणि तुमच्याकडे 12,000 आहेत. काही ठिकाणी फी तुम्ही टाकलेल्या रकमेतूनच कापतात, मग 12,000 टाकल्यावर 9,000 पोचतात. काही ठिकाणी ती वरून घेतात, मग किमान 13,000 शिल्लक हवी आणि तुमचं अर्ज करणंच फुकट जातं. दोन्हीपैकी कोणतं आहे ते पाठवण्याआधीच्या पानावर "मिळणारी रक्कम" वाचून कळतं. तेवढं वाचाच.

आता फीकडे येऊ. खरा घोळ इथेच आहे.

बहुतेकांच्या डोक्यात फी म्हणजे टक्केवारी असते, ब्रोकरेजसारखी. बिटकॉइनमध्ये तसं नाही. फी ठरते व्यवहार किती बाइट जागा खातो यावर, त्यातून किती पैसे जातात यावर नाही. कुरिअरवाला पाकीट वजन करून पैसे घेतो, आतला चेक शंभरचा आहे की लाखाचा हे बघत नाही. म्हणून मोठ्या रकमेला फी जाणवत नाही आणि छोटी रक्कम ती गिळून टाकते.

इतपत बरेच जण सांगतात. त्यापुढचं मात्र कुणी सांगत नाही, म्हणून तिथे थोडं थांबतो. वॉलेटमध्ये दिसणारी शिल्लक हा एक ढीग नसतो. जितक्या वेळा तुमच्याकडे पैसे आले तितके सुटे तुकडे तिथे पडलेले असतात. पैसे पाठवताना वापरलेला प्रत्येक तुकडा व्यवहारात आपली जागा खातो. आजच्या bc1q ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरचा एक तुकडा साधारण 68 व्हर्च्युअल बाइट घेतो, पैसे जाणारा एक पत्ता 31 घेतो आणि वरचं वेष्टण साधारण 11.

दोन माणसं घ्या. दोघांकडे 20,000 सातोशी. पहिल्याला ते एकदाच मिळाले, एक तुकडा. त्याचा सगळा व्यवहार 110 बाइटचा. गर्दीप्रमाणे बदलणारा दर व्हर्च्युअल बाइटमागे 30 सातोशी, म्हणजे 30 sat/vB, असेल तर फी 3,300, समोरच्याला 16,700 पोचतात. दुसऱ्याने दहा वेळा दोन-दोन हजार घेतले. त्याचे दहा तुकडे 680 बाइट खातात, एकूण व्यवहार 722 बाइटचा, फी 21,660. म्हणजे शिल्लक वीस हजार आणि खर्च त्याहून जास्त. दर 30 असताना एक तुकडा वापरायला 2,040 सातोशी लागतात, तुकडा 2,000 चा. चिल्लर घेऊन जायला चिल्लरीपेक्षा जास्त भाडं.

आता त्याला कुणी "अजून दोन हजार टाक" म्हणालं तर तो अकरावा तुकडा होतो आणि तोही स्वतःचं भाडं भरू शकत नाही. किमान मर्यादेला भर टाकणं हा उपाय आहे, इथे तो उपाय नाही. इथे थांबणं हा उपाय आहे. दर 2 sat/vB वर आला की त्याच दहा तुकड्यांची फी 1,444 होते आणि 18,556 हातात राहतात. दर खाली असताना सगळे तुकडे स्वतःच्याच एका पत्त्यावर पाठवून एक तुकडा करून ठेवायचा, म्हणजे पुढच्या गर्दीत अडण्याची शक्यता कमी होते. (त्याने तुमचे जुने पत्ते एकमेकांशी जोडले जातात, हे मान्य असेल तरच.) उलट 20 एप्रिल 2024 ला हाविंगच्या, म्हणजे मायनरांना मिळणारं नवं बिटकॉइन निम्मं होण्याच्या, दिवशी दर शेकड्यांत गेला होता. 500 चा दर धरला तर एका तुकड्याचं भाडं 34,000 सातोशी.

नकार कुठला हे ओळखायचं तर पडद्यावरचे शब्द वाचा. बिटकॉइन कोअर या वॉलेटमध्ये रकमेतूनच फी वजा करायला सांगितलं की

```
The transaction amount is too small to pay the fee
```

असं आलं तर दोष फीचा. दर उतरायची वाट बघा. त्याच ठिकाणी

```
Transaction amount too small
```

आलं तर पाठवलेली रक्कमच धुळीइतकी आहे. नेटवर्क चालवणारे संगणक, म्हणजे नोड, डीफॉल्टने bc1q पत्त्यावर 294 सातोशींखालचा आणि 1 ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावर 546 सातोशींखालचा तुकडा पुढे पाठवत नाहीत. दर शून्याजवळ आला तरी यात फरक पडत नाही. ही वॉलेटच्या जगातली किमान मर्यादा समजा.

एक्स्चेंजवर हे आणखी गढूळ होतं, कारण तिथे "नेटवर्क फी" असं लिहिलेलं असलं तरी बहुतेक ठिकाणी तो त्यांनी ठरवलेला सपाट आकडा असतो. ते अनेक ग्राहकांचे पैसे एकाच व्यवहारात पाठवतात, त्यामुळे साखळीवर तुमच्या वाट्याला खरी येते ती फी वेगळी असते. थांबलेल्या व्यवहारांची रांग, म्हणजे मेमपूल, रिकामी दिसली म्हणून त्यांचा आकडा त्याच तासाला उतरेल असं धरू नका.

इथेरियमवर गोष्ट जराशी बदलते: तिथे तुकडे नसतात, पण यूएसडीटीसारखं टोकन पाठवायलाही गॅस, म्हणजे तिथली फी, इथरमध्येच भरावी लागते. `insufficient funds for gas * price + value` दिसलं तर यूएसडीटी कितीही असो, इथर कमी आहे. स्वस्त साखळी निवडायला हरकत नाही, पण समोरचा तीच साखळी स्वीकारतो का ते आधी विचारा.

आणि "आधी थोडेसे पाठवून बघ" हा सल्ला देताना पाठवणाऱ्याचीच मर्यादा बघितली जाते. घेणाऱ्या एक्स्चेंजलाही जमा करण्याची किमान मर्यादा असू शकते. तिच्याखाली पाठवलं तर साखळीवर व्यवहार पूर्ण दिसतो आणि खात्यात काहीच जमा होत नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावून सांगतो. खरी फी तुमच्या शिल्लकेतून कापली जाते. "फी भरायला बाहेरून आधी इतके पाठवा, मग तुमचे पैसे सुटतील" असं कुणी म्हणालं, किंवा तुम्ही पैसे भरल्यावर मर्यादा पुन्हा वाढली, तर ती ना फी आहे ना मर्यादा. तिथे एक सातोशीही टाकू नका.